ॲनाफायलॅक्सिस आणि अरेस्ट एकाच कागदावर: व्हायवाच्या तयारीची यादी

पहिलं काम म्हणजे एक मोठी कार्डशीट आणणे आणि दोन्ही फ्लोचार्ट तिच्यावरच काढणे. डावीकडे ॲनाफायलॅक्सिस, उजवीकडे कार्डियाक अरेस्ट. घाटीत असाल, अंबाजोगाईला किंवा लातूर-नांदेडला, ॲनेस्थेशियाच्या परीक्षेत हे दोन विषय सुटे येतात असं धरून चालू नका. परीक्षक ॲनाफायलॅक्सिसपासून सुरू करतात आणि तुम्ही रंगात आलात की हळूच म्हणतात, “आता पल्स लागत नाही.” त्या वाक्यापाशी डोक्यातला कागद बदलावा लागला की माणूस अडखळतो. म्हणून डाव्या चार्टमधून उजव्या चार्टकडे जाणारा बाण लाल शाईनं काढा.

पेन उचलण्याआधी गाइडलाइन ठरवा आणि शेवटपर्यंत तीच धरा. अमेरिकन चार्टमध्ये शॉकेबल रिदमला ॲड्रेनॅलिन दुसऱ्या शॉकनंतर येतं, युरोपियन चार्टमध्ये तिसऱ्या शॉकनंतर. दोन्ही बरोबर आहेत, पण अर्धं इथलं अर्धं तिथलं बोललात तर परीक्षकाला गोंधळच दिसतो. उत्तराच्या सुरुवातीलाच कुठल्या गाइडलाइनप्रमाणे बोलताय ते सांगून टाका.

आता डावा चार्ट. वरच्या चौकटीत ओळख: अचानक सुरू झालेला आणि झपाट्यानं वाढणारा श्वासमार्गाचा, श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास. अंगावर गांधी उठल्याच पाहिजेत असं नाही. पुरळ नाही म्हणून थांबलो, हे उत्तर नापास करणारं आहे. खाली एकापाठोपाठ येतं: कारण थांबवा, मदत बोलवा, आडवं झोपवून पाय वर घ्या, ॲड्रेनॅलिन मांडीत, ऑक्सिजन, सलाईन. दम लागलेल्याला बसतं ठेवता येतं, गरोदर बाईला डाव्या कुशीवर घ्यायचं, पण कुणालाही झटकन उभं करायचं नाही, त्यानं पल्स जाऊ शकते. मग एकच प्रश्नचौकट: पाच मिनिटांनी सुधारणा आहे का? नसेल तर दुसरा डोस. दोन डोसांनंतरही नसेल तर ॲड्रेनॅलिनचं इन्फ्युजन. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन या रांगेत घालूच नका. ती कोपऱ्यात लिहा, कारण त्यांनी जीव वाचत नाही आणि तोंडी उत्तरात ती आधी आली की पुढचं सगळं बिघडतं.

उजव्या चार्टमध्येही मुख्य प्रश्नचौकट एकच: रिदम शॉकेबल आहे का? दर दोन मिनिटांनी पुन्हा तिथंच यायचं. बाकी सगळं दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात बसतं. कॉम्प्रेशन मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटीमीटर, ट्यूब टाकल्यावर दर सहा सेकंदांनी एक श्वास.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचाय तो ॲड्रेनॅलिनच्या डोसाला. आपल्या वॉर्डात मिळते ती एक मिलिलिटरची ॲम्प्यूल, तिच्यात एक मिलिग्रॅम, म्हणजे एकास हजार. ॲनाफायलॅक्सिसमध्ये मोठ्या माणसाला तिच्यातलं अर्धं मिलिलिटर, पातळ न करता, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूनं स्नायूत. म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. अरेस्टमध्ये अख्खं एक मिलिग्रॅम शिरेतून, मागून सलाईनचा फ्लश. तीच ॲम्प्यूल नऊ मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळली की एकास दहा हजार होतं, आणि त्यातलं अर्धं मिलिलिटर म्हणजे फक्त 50 मायक्रोग्रॅम. थिएटरमध्ये मॉनिटर लावलेल्या रुग्णाला शिरेतून देतात तो डोस हा, आणि तोही अनुभवी हातानं. दोन्हीकडे सिरिंजवर अर्धं मिलिलिटरच दिसतं, पण औषध दहा पटीनं वेगळं. मांडीसाठी भरलेली सिरिंज पल्स असलेल्या माणसाच्या शिरेत गेली तर जीवघेणा ब्लडप्रेशर आणि अरिदमिया होऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळी तीन गोष्टी एका दमात बोला: किती मायक्रोग्रॅम किंवा मिलिग्रॅम, कुठल्या तीव्रतेचं, कुठल्या मार्गानं. नुसतं “ॲड्रेनॅलिन देईन” म्हणालात की सरावाला घेतलेल्या सोबत्यानं लगेच थांबवायचं आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायला लावायचं.

मोठ्यानं म्हणायला ही केस घ्या. पस्तिशीतला, साठ किलोचा शेतकरी, वॉर्डात सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन चालू असताना घाबरतो, छातीत शिट्ट्या वाजतात, बीपी 70/40, पल्स 140. घड्याळ लावा आणि बोला: “इंजेक्शन थांबवतो, मदत बोलावतो. शुद्धीवर आहे, पल्स लागते, म्हणून डाव्या चार्टवर आहे. ॲड्रेनॅलिन 500 मायक्रोग्रॅम, एकास हजार, मांडीत स्नायूत. ऑक्सिजन. सलाईन 500 ते 1000 मिलिलिटर भराभर.” पाच मिनिटांनी बीपी 60 च्या घरात, दुसरा डोस, इन्फ्युजन तयार करायला सांगितलं. मग सोबती म्हणतो, “पल्स गेली, मॉनिटरवर ठोके दिसताहेत.” हीच लाल बाणाची जागा. पुढचं वाक्य न अडखळता यायला हवं: “पल्सलेस इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी, शॉकेबल नाही. कॉम्प्रेशन सुरू, ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम शिरेतून लगेच, मांडीतला डोस आता नाही. दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा.”

पुढे परीक्षक चार एच आणि चार टी विचारतात. आठही पाठ असू द्या, पण पोपटासारखे म्हणू नका. इथं आधी दोन लागू आहेत: ऑक्सिजन कमी पडणं आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी होणं. पहिल्यासाठी सुजेनं घसा बंद व्हायच्या आत ट्यूब, दुसऱ्यासाठी दोन मोठ्या कॅन्युलांमधून सलाईन, कारण केशवाहिन्या गळतात आणि वाहिन्या सैल पडतात. कारण आणि कृती जोडून बोललं की पुढचा प्रश्न बहुधा सोपा येतो.

दोन मिनिटांनी सोबत्यानं रिदम बदलायचा: “आता व्हीएफ.” शॉक दिल्यावर पल्स बघतो म्हणालात तर चुकलात. शॉकनंतर लगेच कॉम्प्रेशन, पल्स आणि रिदम पुढच्या दोन मिनिटांनी. ही चूक कागदावर कुणी करत नाही, बोलताना मात्र हमखास होते. म्हणून सराव बसून, वाचून करू नका. उभे राहा, हात उशीवर ठेवा, मोजत बोला, आणि परीक्षेत इंग्रजीत उत्तर द्यायचं असेल तर सरावही इंग्रजीतच करा. हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री उन्हाची धग उतरल्यावर जागाही मिळते आणि आवाज मोकळा लावता येतो.

कार्डशीट भिंतीवर लावली की काम झालं असं समजू नका. सकाळी कोऱ्या पानावर दोन्ही चार्ट न बघता काढा, मग ताडून बघा. चौकटी राहिल्या तर फार बिघडत नाही, पण बाणाची दिशा किंवा डोसाचा मार्ग चुकला तर त्या दिवशी तेवढीच जागा बोलून घटवा. लहान मुलांचे मांडीतले डोस शेजारी लिहून ठेवा: सहा ते बारा वर्षांना 300 मायक्रोग्रॅम, सहा महिने ते सहा वर्षांना 150.

शेवटची चौकट बहुतेक कागदांवर नसते, ती घाला: पल्स परत आल्यानंतरची. ट्रिप्टेजसाठी रक्त जमेल तितक्या लवकर, शक्यतो एक-दोन तासांत आणि चार तासांच्या आत, आणि तुलनेसाठी 24 तासांनंतर दुसरा नमुना. नमुन्यावर वेळ लिहायची. त्रास पुन्हा उसळू शकतो म्हणून रुग्ण आयसीयूत नजरेखाली, आणि डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरात कुठल्या औषधानं झालं ते, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात पुढच्या वेळी ते इंजेक्शन कुणी देणार नाही.