केबिन बॅग मोजताना या चुका टाळा : चाकं आणि हँडल धरूनच माप

माझी मावशी गेल्या वर्षी लेकीकडे निघाली होती. नवी कोरी केबिन ट्रॉली, लेबलवर ठळक ‘५५ सेंमी’ आणि दुकानदाराची खात्री, ‘ताई, विमानात बिनधास्त चालते.’ गेटवरच्या मापाच्या सांगाड्यात बॅग घालायला सांगितली तेव्हा ती तीन बोटं वर राहिली आणि खाली जाईचना. मावशीला ऐनवेळी जादा पैसे भरावे लागले, आणि रांगेत सगळ्यांसमोर बॅग उघडून औषधं काढून घ्यावी लागली, त्याचं तिला जास्त वाईट वाटलं. ती परत आल्यावर मी ती बॅग स्टीलच्या टेपने नीट मोजली. चूक तिची नव्हती. लेबलवरचं माप आणि विमान कंपनी धरते ते माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली चूक : लेबलवर विश्वास

ट्रॉलीच्या लेबलवरचा आकडा कधी नुसत्या डब्याचा असतो, कधी चाकांसकट असतो, आणि नक्की कुठला ते त्यावर लिहिलेलं नसतं. ‘२० इंची’ म्हणून विकली जाणारी बॅग घ्या. २० इंच म्हणजे ५०.८ सेंमी. हे माप डब्याचं असेल तर खाली चाकांचे चार-साडेचार सेंमी आणि वर दुमडलेल्या हँडलचा एखाद-दीड सेंमी मिळवला की बॅग ५५ च्या पुढे गेली. विमान कंपन्या मात्र जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत मोजतात. चाकं, वरचं हँडल, बाजूचं हँडल, बाहेरचा कप्पा, सगळं त्यात आलं.

मावशीच्या बॅगेचं असंच झालं होतं. डबा ५१, चाकं ४.५, वरचं हँडल आत दाबूनही १.५. एकूण ५७ सेंमी.

दुसरी चूक : शिवणकामाच्या टेपने मोजणं

घरात पटकन हाताला लागते ती शिवणाची टेप. ती कापडासाठी चांगली, पण बॅगेवर ठेवली की फुगवट्यावरून वळते, आणि चाकं-हँडल बाहेर आलेली असतात तिथे नेमकं कुठून कुठे मोजायचं हेच कळत नाही. शाळेच्या पट्टीचाही एक घोटाळा आहे. शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते, आणि ती जमिनीला टेकवून मोजलं की तेवढं माप कमी येतं.

स्टीलची टेप घ्या. तिच्या टोकाचा हूक थोडा हलतो, तो सैल झालाय म्हणून ठोकून घट्ट करू नका. हुकाच्या जाडीएवढी ती हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे टोक अडकवून मोजा किंवा टेकवून मोजा, माप बरोबर येतं.

खरं तर बॅगेला टेप लावायचीच नाही. बॅग भिंतीला लागून, चाकांवर उभी करा. ओढायचा दांडा पूर्ण आत दाबा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक बॅगेच्या सगळ्यात उंच भागावर आडवं ठेवा, त्याची कड भिंतीला टेकवा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. बॅग बाजूला करून जमिनीपासून त्या खुणेपर्यंत मोजा. ही झाली खरी उंची. रुंदीसाठी बॅगेची एक बाजू भिंतीला टेकवा, दुसऱ्या बाजूला पुस्तक उभं धरा आणि भिंत ते पुस्तक हे अंतर मोजा. जाडीही तशीच, पाठ भिंतीला लावून. भिंत आणि पुस्तक या दोन सपाट पृष्ठभागांमध्ये जे काही बाहेर आलंय ते आपोआप धरलं जातं, काही विसरायची सोय राहत नाही.

तिसरी चूक : रिकामी बॅग मोजणं

बहुतेक जण बॅग विकत आणल्या आणल्या मोजतात, भरल्यावर नाही. कापडी बॅगेचं पोट भरल्यावर तीन-चार सेंमी सहज पुढे येतं, विशेषतः पुढच्या खिशात चार्जर, पाण्याची बाटली आणि लाडवांचा डबा कोंबला की. बॅगेच्या कडेने फिरणारी दुसरी चेन, जी उघडल्यावर बॅग मोठी होते, तीही तपासा. ती थोडीशी जरी उघडी राहिली तरी जाडी वाढते. मोजायचं ते प्रवासाला निघताना, सगळं भरून, सगळ्या चेना लावून.

चारही बाजूंना फिरणारी चाकं असतील तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. ती चाकं आडवी वळलेली असताना डब्याच्या बाहेर डोकावतात, सरळ असताना आत राहतात. म्हणून ती हाताने सगळीकडे फिरवून सर्वात जास्त येणारं माप धरा. मावशीच्या बॅगेचा डबा २२ सेंमी जाड होता, चाकं वळल्यावर २४, आणि पुढचा खिसा भरल्यावर २६. दोनच चाकं असलेल्या बॅगेत ती बहुधा डब्याच्या कोपऱ्यात अर्धी बुडवलेली असतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. मला स्वतःला काठावरच्या मापासाठी दोन चाकांचीच बॅग आवडते.

रुंदीत फसवणारी गोष्ट म्हणजे बाजूचं हँडल आणि त्याच्या समोरच्या बाजूचे चार छोटे पाय, ज्यांवर बॅग आडवी ठेवतात. मावशीच्या बॅगेचा डबा ३५ होता. हँडलचे १.५ आणि पायांचा १ मिळून ३७.५ झाले.

चौथी चूक : तिन्ही मापांची बेरीज करून समाधान मानणं

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि हुशार माणसंही यात सापडतात. ‘एकूण ११५ सेंमी’ हा आकडा आपल्याकडे तोंडी फिरत असतो. पण सांगाडा बेरीज मोजत नाही, तो प्रत्येक बाजू वेगळी मोजतो.

तीन कंपन्यांची मापं शेजारी ठेवून बघा. इंडिगोचं ५५ × ३५ × २५. एअर इंडियाचं ५५ × ४० × २०. एमिरेट्सचं ५५ × ३८ × २२. तिन्हींची बेरीज ११५ येते! तरीही एमिरेट्सच्या मापात तंतोतंत बसणारी बॅग इंडिगोच्या मापात रुंदीला ३ सेंमीने जास्त होते आणि एअर इंडियाच्या मापात जाडीला २ सेंमीने. बेरीज जुळली आणि बॅग दोन्हीकडे अडकली.

म्हणून जोडविमान असेल तर प्रत्येक बाजूचं सर्वात लहान माप घ्यायचं. वरच्या तिघांत ते ५५ × ३५ × २० येतं. हा आकडा नवा नाही. २०१५ साली विमान कंपन्यांच्या आयाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेने हेच माप सगळ्यांनी स्वीकारावं असं सुचवलं होतं. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो प्रस्ताव बाजूला ठेवला गेला आणि प्रत्येकाचं माप वेगळंच राहिलं. कतार एअरवेजने प्रवास असेल तर उंचीही ५० पर्यंतच धरा, त्यांचं माप ५० × ३७ × २५ आहे. मापं बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढल्यावर आणि निघायच्या आठवड्यात असं दोनदा कंपनीच्या पानावर बघा. त्यातही विमान कुणाचं उडतंय ते बघा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याचं, असंही असतं.

अमेरिकेत इंचात लिहितात, २२ × १४ × ९. त्याचे होतात साधारण ५६ × ३६ × २३ सेंमी. इथे टेपच्या दोन बाजूंची गल्लत होऊ देऊ नका. एक बाजू इंचात आणि दोन सेंमीत वाचून ‘बसतेय की’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

घरीच सांगाडा करा

फ्रिजच्या खोक्याचा किंवा कुठलाही जाड पुठ्ठा घ्या. त्यात तुमच्या कंपनीच्या रुंदी आणि जाडीची चौकट कापा, समजा ४० × २० ची. आता भरलेली बॅग चाकांच्या बाजूने त्या चौकटीतून पूर्ण पार करा. पुठ्ठा न वाकता, न फाटता बॅग गेली पाहिजे. कुठे अडकते ते लगेच दिसतं. अगदी सुरुवातीला अडकली तर दोष चाकांचा, मध्यावर अडकली तर भरलेल्या खिशाचा किंवा बाजूच्या हँडलचा. उंची भिंतीवरच्या खुणेने वेगळी बघायची.

खिशामुळे अडकत असेल तर उपाय आहे, खिसा रिकामा करा आणि त्यातलं सामान मुख्य कप्प्यात सपाट पसरा. कापडी बॅगेत दांडा पूर्ण आत जात नसेल तर पाठीकडचं सामान जरा सैल करा, कारण दाबून भरलं की आतल्या नळ्यांवर ताण येतो. पण चाकं, पाय किंवा डबा अडत असेल तर काही करता येत नाही. चाकांचे स्क्रू काढायचं काही जण सुचवतात. चाक गेलं तरी ज्यात ते बसवलेलं असतं तो प्लॅस्टिकचा भाग राहतोच, आणि विमानतळावर पोचल्यावर ती बॅग ओढायची कशी?

मावशीच्या बॅगेची खरी मापं निघाली ५७ × ३७.५ × २६. खिसा रिकामा करून आणि चाकं सरळ करून जाडी २२-२३ पर्यंत आली असती, रुंदी एअर इंडिया आणि एमिरेट्सच्या मापात बसली असती, पण उंची कुठेच बसत नव्हती. म्हणजे ती केबिन बॅग नव्हतीच. आता ती चेक-इनला जाते आणि मावशीकडे एक साधी मऊ बॅग आहे, बिनचाकांची, खांद्याला लावायची.

गेटवर अडलीच तर

सांगाड्यात बॅग ठेवायच्या आधी चारही चाकं आत वळवा, दांडा खाली दाबा आणि पुढचा खिसा मोकळा करून जाकीट अंगावर घाला. बॅग चाकांच्या बाजूने सरळ सोडा. ती आपल्या वजनाने खाली गेली पाहिजे, गुडघ्याने दाबून घातलेली मान्य होईलच असं नाही, आणि अडकली तर बाहेर काढताना हँडल तुटतं.

बॅग खाली पाठवायचीच वेळ आली तर तिच्यातून पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या काढून घ्याव्याच लागतात, त्या सामानकक्षात चालत नाहीत. त्यासोबत औषधं, पासपोर्ट, दागिने आणि चष्मा. हे सगळं आधीपासूनच एका कापडी पिशवीत भरून बॅगेत सगळ्यात वर ठेवलं तर चेन उघडून पिशवी उचलायची, बस्स. मावशीची ती पिशवी आता निळ्या खणाची आहे, तिने स्वतः शिवलेली.