स्मार्ट टीव्हीवर जाहिरात देताय? निकाल मोजताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतले दुकानदार आता स्मार्ट टीव्हीवर जाहिराती देऊ लागलेत. यूट्यूबवर पंधरा-वीस हजारांतही सुरुवात होते, त्यामुळे केबलवरच्या पट्टीपेक्षा हे बरं वाटतं. पण चुका सगळीकडे त्याच होतात, आणि त्यातल्या बहुतेक जाहिरात बनवताना होत नाहीत. त्या होतात ती कुणाला दाखवायची हे ठरवताना आणि नंतर हिशेब करताना.

सणाची विक्री जाहिरातीच्या खात्यात लिहिणं

ही चूक सर्वांत महाग पडते. घरगुती उपकरणांच्या एका दुकानाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत, तारखा मात्र खऱ्या. दुकानानं 22 सप्टेंबर 2025 पासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे 2 ऑक्टोबरपर्यंत, टीव्हीवर पंधरा सेकंदांची जाहिरात चालवली. खर्च 30,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. या अकरा दिवसांत फ्रिज आणि वॉशिंग मशीनची 96 बिलं झाली. मागच्या वर्षी याच तारखांना 41 झाली होती. मालक म्हणाले, "धंदा दुप्पट झाला, दिवाळीला एक लाख टाकूया."

आता कालनिर्णय उघडा. 2024 मध्ये 22 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर हा पितृपक्ष होता, 2 तारखेला सर्वपित्री अमावस्या. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला घटस्थापना. पितृपक्षात नवा फ्रिज घरी नेणारी माणसं आपल्याकडे किती? म्हणजे वर्षातल्या सर्वांत मंद पंधरवड्याशी सर्वांत तेजीच्या आठवड्याची तुलना झाली. त्यात 22 सप्टेंबरलाच जीएसटीचे नवे दर लागू झाले. एसी आणि 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचा दर आधीपासून 18च होता, पण स्वस्त झालेला टीव्ही बघायला आलेलं गिऱ्हाईक फ्रिजही बघून जातंच.

तारखेशी तारीख नाही, तिथीशी तिथी जुळवायची. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला आणि दसरा 12 ऑक्टोबरला होता, म्हणजे दहा दिवस. त्या दहा दिवसांत दुकानाची 80 बिलं झाली होती, दिवसाला आठ. 2025 मध्ये अकरा दिवसांत 96, म्हणजे दिवसाला जेमतेम पावणेनऊ. गेल्या वर्षीच्या वेगानं अकरा दिवसांत 88 झालीच असती. जास्तीची बिलं उरली आठ. एका बिलामागे सगळं वजा जाता अडीच हजार सुटतात असं धरलं, तर वीस हजार. खर्च तीस हजार (जीएसटीचं क्रेडिट मिळतं असं धरून). म्हणजे त्या अकरा दिवसांत तरी जाहिरातीनं स्वतःचे पैसे काढले नाहीत, आणि या आठातलीही काही बिलं जीएसटीच्या बातमीनं आलेली असणार.

याचा अर्थ जाहिरात वाया गेली असा नाही. फ्रिज बघून महिनाभर विचार करणारी घरं असतात, ती पाडव्याला येतील. पण "दुप्पट झाला" म्हणून दिवाळीला लाख टाकणं हा निर्णय चुकीच्या वहीवरून घेतलेला आहे. म्हणून माझा ठाम आग्रह असतो की पहिली जाहिरात सणात द्यायचीच नाही. सण गेल्यावर, लग्नसराईही नसताना, साधे चार आठवडे निवडा. आधीच्या चार आठवड्यांची रोजची बिलं, फोन आणि दुकानात आलेली माणसं वहीत आधीच लिहिलेली असू द्या. जाहिरात चार आठवडे चालू ठेवा, मग चार आठवडे बंद, आणि या बारा आठवड्यांत सवलतीचा फलक, पेपरातलं पत्रक असलं काही नवं सुरू करू नका. हे कंटाळवाणं आहे, आणि घाई असलेल्यांना ते नकोच असतं. पण एकाच आठवड्यात रिक्षावर भोंगा, पेपरात पत्रक आणि टीव्हीवर जाहिरात सुरू केली, तर नंतर कशानं गिऱ्हाईक आलं हे कुणीच सांगू शकत नाही.

"98 टक्के लोकांनी पूर्ण बघितली" यावर खूश होणं

पंधरा सेकंदांची जाहिरात पुढे ढकलता येत नसेल, तर ती पूर्ण बघितली जाणारच. तो आकडा जाहिरातीचा दर्जा सांगत नाही, फक्त ती ढकलता येत नव्हती एवढंच सांगतो. शिवाय पूर्ण चालली म्हणजे कुणीतरी बघितली असंही नाही. टीव्हीला डोंगल लावलेला असतो, लोक रिमोटनं टीव्ही बंद करतात आणि डोंगल चालूच राहतो. ग्रुपएम आणि आयस्पॉट या कंपन्यांनी 2022 मध्ये अमेरिकेत तपासणी केली, तेव्हा अशा बाहेरून जोडलेल्या उपकरणांवरच्या सुमारे 17 टक्के जाहिराती बंद टीव्हीवर चालल्याचं आढळलं. आपल्याकडचा आकडा वेगळा असेल, पण कारण तेच आहे. म्हणून एजन्सीच्या अहवालात हा टक्का वर ठळक छापलेला दिसला, तर खालचे प्रश्न विचारा: किती वेगवेगळ्या घरांत गेली, प्रत्येक घरात किती वेळा, आणि कुठल्या गावात?

ठिकाण निवडून निश्चिंत होणं

`Kolhapur` निवडलं की जाहिरात कोल्हापुरातच दिसेल असं सगळे धरून चालतात. गूगल ॲड्समधल्या मोहिमेच्या सेटिंगमध्ये ठिकाणाखाली `Location options` उघडा. आधीपासून निवडलेला पर्याय `Presence or interest` असतो. त्यात कोल्हापुरात असलेली माणसं येतात, तशी कोल्हापुरात फक्त रस दाखवलेलीही येतात. ठाण्यातलं एक कुटुंब अंबाबाईच्या दर्शनाला यायचं म्हणून कोल्हापुरातली हॉटेलं शोधतंय, त्यांच्या टीव्हीवर तुमचा फ्रिज दिसू शकतो. हॉटेलवाल्यानं हा पर्याय ठेवावाच. शोरूमवाल्यानं `Presence` निवडावा. एका मिनिटाचं काम आहे, आणि तरी दर वेळी राहिलेलं असतं.

दुसरी अडचण सेटिंगनं सुटत नाही. टीव्हीला जीपीएस नसतं. तो कुठं आहे हे मुख्यतः ब्रॉडबँडच्या आयपी पत्त्यावरून ओळखलं जातं, आणि काही कंपन्यांचे पत्ते पुण्यात किंवा मुंबईत नोंदलेले दिसतात. कदमवाडीतल्या घरातला टीव्ही यंत्रणेला पुण्यात वाटू शकतो. याचा अंदाज घ्यायची सोपी रीत आहे. ओळखीच्या चार-पाच घरांत, वेगवेगळ्या ब्रॉडबँडवर, लॅपटॉप वायफायला जोडा. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून गूगलवर काहीही शोधा आणि पान अगदी तळापर्यंत खाली न्या. तिथं गावाचं नाव आणि त्याच्याशेजारी `From your IP address` असं दिसतं. पाचातल्या तीन घरांत कोल्हापूर आलं आणि दोन घरांत पुणे, तर शहराच्या नावानं दिलेली जाहिरात तसल्या घरांपैकी बऱ्याच ठिकाणी पोचणार नाही, हे धरून चाला. दुसऱ्या ॲपची यंत्रणा वेगळी यादी वापरत असू शकते, त्यामुळे ही तपासणी फक्त गूगलच्या अंदाजाची आहे.

यातून एक गोष्ट ठरते: दुकानाभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढणं टीव्हीसाठी निरुपयोगी आहे. मोबाइलला ते जमतं, टीव्हीला नाही. ताराबाई पार्कात दाखवा आणि कसबा बावड्यात नको, एवढी बारीक कात्री या माध्यमाला लागत नाही. शहर आणि आसपासचे तालुके एकत्र घ्या, आणि गिऱ्हाईक कुठून आलं हे बिलावर पिन कोड लिहून बघा.

त्याच सेटिंगमध्ये उपकरणांच्या ठिकाणी `TV screens` सोडून बाकीच्या खुणा काढल्या का, तेही बघा. नाहीतर टीव्हीची म्हणून दिलेली जाहिरात मोबाइलवर संपते आणि शेवटी "टीव्हीचा काही उपयोग नाही" असा निकाल लागतो.

चाळणीवर चाळणी

वय, लिंग, आवड, उत्पन्न असं सगळं लावायचं नसतं. घरातला टीव्ही बहुधा एकाच जणाच्या खात्यावर चालतो, अनेकदा मुलाच्या. त्याच्यासमोर आजीही असते आणि सहा वर्षांची नातही. "30 ते 45 वयाच्या महिला" निवडल्यात, तर तुम्ही खातं निवडताय, बघणारी बाई नाही. ठिकाण आणि भाषा पुरे.

एकदा दिसली, की पुरे असं मानणं

समजा हजार वेळा दाखवायला दीडशे रुपये पडले. तीस हजारांत दोन लाख वेळा दिसेल. चार आठवडे, घरामागे आठवड्याला तीनदा, म्हणजे बारा वेळा धरलं, तर सुमारे साडेसोळा हजार घरं होतात. तेवढीच घरं धरा आणि वारंवारतेची मर्यादा आठवड्याला तीन ठेवा. तेच पैसे अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रावर पसरले, तर लाखभर घरांत दोनदा दिसेल आणि दुकानाचं नाव कुणाला आठवणार नाही.

कोपऱ्यातला क्यूआर

टीव्हीवर क्लिक नसतो, म्हणून सगळे क्यूआर लावतात, आणि तो कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. स्कॅन करायचा ढोबळ नियम असा, की अंतराच्या एक दशांश तरी रुंदी हवी. सोफा दहा फुटांवर असेल तर क्यूआर एक फूट लागतो. 43 इंची टीव्हीची उंची सुमारे 21 इंच असते. म्हणजे क्यूआरनं पडद्याची अर्ध्याहून जास्त उंची व्यापली पाहिजे, तोही शेवटचे दोन सेकंद नाही, निदान दहा सेकंद, कारण फोन खिशातून काढायला तेवढा वेळ जातो. एवढी जागा द्यायची नसेल, तर क्यूआर सोडा. त्याऐवजी या जाहिरातीसाठीच घेतलेला वेगळा नंबर मोठ्या आकड्यांत दाखवा आणि आवाजात दोनदा म्हणा. तो नंबर फलकावर, बिलावर, कुठंही छापायचा नाही. मग त्यावर आलेला प्रत्येक फोन टीव्हीचा, एवढं तरी वादाशिवाय कळतं.

काउंटरवर "आमच्याबद्दल कुठं कळलं?" विचारलं, की माणूस मनाला येईल ते सांगतो, फलक बघून आलेलाही टीव्ही म्हणतो. त्याऐवजी "जाहिरातीत काय बघितलंत?" असं विचारा. ज्यानं खरंच बघितली, तो फ्रिजचा रंग, गाणं किंवा त्यातल्या बाईंची साडी सांगतो. ज्याला सांगता येत नाही, त्याची नोंद टीव्हीच्या रकान्यात करू नका.

आणि तिसऱ्या दिवशी बजेट, ठिकाण, व्हिडिओ असं सगळं एकदम बदलू नका. दोन आठवडे हात लावायचा नाही, आणि बदल करायचाच झाला तर एका वेळी एकच.