ऑडिटरचा राजीनामा: पत्रावर सही करण्याआधी या चुका टाळा

"कामाच्या वाढत्या व्यापामुळे आम्ही या ऑडिटमधून मुक्त होऊ इच्छितो." राजीनाम्याच्या पत्रात हे वाक्य दिसलं की मला काळजी वाटते. व्याप खरंच वाढला असेल तर प्रश्नच नाही. पण बहुतेकदा आत दुसरंच काहीतरी शिजत असतं आणि ते भागधारकांपर्यंत कधी पोचतच नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. तीन पुरवठादारांना दिलेल्या 18 कोटींच्या आगाऊ रकमेचे करार आणि त्यांच्याकडून शिल्लक रकमेची लेखी खात्री ऑडिटरने जुलैमध्ये मागितली. "पाठवतो" असं तीनदा उत्तर आलं, कागद मात्र आले नाहीत. तरी त्याने 12 ऑगस्टला जून तिमाहीचा अहवाल कोणताही शेरा न मारता दिला. 25 ऑगस्टला वैतागून तो वरच्यासारखं पत्र लिहायला बसला.

पहिली चूक तारखेची. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीने ऑक्टोबर 2019 मध्ये नियम घातला. तिमाही संपल्यापासून 45 दिवसांच्या आत राजीनामा द्यायचा तर आधी त्या तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. 45 दिवस उलटले असतील तर पुढच्या तिमाहीचाही. जून तिमाहीचे 45 दिवस 14 ऑगस्टला संपले, म्हणजे आपल्या ऑडिटरला सप्टेंबर तिमाहीचं काम चुकत नाही. पहिल्या तिन्ही तिमाहींवर सही झाली असेल तर चौथी तिमाही आणि अख्ख्या वर्षाचं ऑडिट करूनच बाहेर पडता येतं.

दुसरी चूक जास्त गंभीर. राजीनाम्याचं कारण गुळगुळीत लिहून चालत नाही, कारण सेबीच्या ठरलेल्या नमुन्यात कंपनीला ऑडिटरकडून माहिती घ्यावी लागते. कागद मिळाले नाहीत म्हणून जात असाल तर त्यात नेमकं विचारलेलं असतं: अडवणूक मॅनेजमेंटने केली का, तुम्ही दुसऱ्या मार्गाने पडताळणी करून पाहिली का, ऑडिट कमिटीकडे कोणत्या तारखेला गेलात. आणि शेवटी, ही माहिती आधीच्या काळातही मिळत नव्हती का. तसं असेल तर आधीचे अहवाल कशाच्या आधारावर दिले? 12 ऑगस्टची सही इथे अंगाशी येते. कागद नव्हते तर तेव्हाच अहवालात तसं लिहायला हवं होतं.

म्हणून 25 ऑगस्टला राजीनाम्याचं पत्र लिहायचं नसतं. त्या दिवशी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना थेट लेखी कळवायचं, तिमाही बैठकीची वाट पाहायची नाही. कोणते कागद, कधी मागितले, काय उत्तर आलं, सगळं तारखांसह. सप्टेंबर तिमाहीपर्यंतही ते आले नाहीत, तर तसं अहवालात स्पष्ट नोंदवायचं. समजा तो अहवाल 12 नोव्हेंबरला दिला आणि त्याच दिवशी कारणांसह राजीनामा दिला. आता कंपनीने पत्र मिळाल्यापासून 24 तासांत ती कारणं शेअर बाजारांना कळवायची. ऑडिट कमिटीनेही त्यावर चर्चा करून आपलं मत मांडायचं आणि तेही जाहीर करायचं.

राजीनाम्याचं निवेदन असलेला ADT-3 फॉर्म कोण भरतो? कंपनी सेक्रेटरी भरतील अशी समजूत मी अनेकदा ऐकली आहे. कंपनी कायद्याच्या कलम 140 नुसार हे काम ऑडिटरचं आहे. राजीनाम्यापासून 30 दिवसांत, म्हणजे 12 डिसेंबरपर्यंत, कारणांसह हे निवेदन कंपनीला द्यायचं आणि रजिस्ट्रारकडे दाखल करायचं. सरकारी कंपनी असेल तर कॅगकडेही. चुकलं तर 50 हजार रुपये किंवा ऑडिटची फी, यातली कमी रक्कम दंड म्हणून. शिवाय उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये, कमाल 2 लाखांपर्यंत. पत्र आणि फॉर्म यांतली कारणं शब्दशः जुळली पाहिजेत.

संचालक मंडळाची नेहमीची चूक म्हणजे नवा ऑडिटर नेमून विषय संपला असं समजणं. मंडळाने 30 दिवसांत जागा भरायची हे खरं, पण जागा राजीनाम्यामुळे रिकामी झाली असेल तर मंडळाच्या शिफारशीपासून तीन महिन्यांत सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. मंजुरीनंतरही तो फक्त पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच असतो. त्यानेही पद स्वीकारण्याआधी जुन्या ऑडिटरला लेखी विचारायचं असतं, आणि जाणाऱ्याने मांडलेले आक्षेप आपण विचारात घेतले का, हे कारो 2020 हा ऑडिट अहवालाबाबतचा सरकारी आदेश लागू असलेल्या कंपनीच्या अहवालात सांगायचं असतं.

काही मंडळं ऑडिटरला "तुम्हीच राजीनामा द्या" असं सुचवतात. मुदतीआधी ऑडिटर काढायचा तर केंद्र सरकारची परवानगी आणि विशेष ठराव लागतो, म्हणून ही पळवाट. ती मान्य करणाऱ्या ऑडिटरने एक लक्षात ठेवावं: त्या 18 कोटींत अफरातफर दिसली असेल, तर राजीनामा देऊन कलम 143(12) खालची कळवण्याची जबाबदारी संपत नाही. 2023 मध्ये ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरए या संस्थेने परिपत्रक काढून हेच बजावलं. त्याच वर्षी आयएल अँड एफएस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की ऑडिटरने राजीनामा दिला म्हणून गैरव्यवहारात सामील ऑडिटरवरची कलम 140(5) खालची कारवाई थांबत नाही. त्या कारवाईत दोषी ठरलेल्या ऑडिटरला पाच वर्षं कुठल्याही कंपनीचं ऑडिट करता येत नाही.