बोल्ट-ऑन नेक, सेट नेक आणि सस्टेन: जोडाला दोष देताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कळव्याचा एक मुलगा माझ्याकडे ठाण्यात गिटार घेऊन आला. स्ट्रॅट घाटाची, बोल्ट-ऑन, म्हणजे नेक बॉडीला स्क्रूने जोडलेली. म्हणाला, "दादा, ही विकून सेट नेकवाली, चिकटवलेल्या नेकची घेतो. हिला सस्टेनच नाही, सूर टिकतच नाही." ॲम्प न लावता जी स्ट्रिंगचा बारावा फ्रेट वाजवला. सूर सात-आठ सेकंदांत मावळला. तक्रार खरी होती, पण त्याने काढलेलं कारण चुकीचं होतं.

पहिली चूक इथेच होते. फेंडरची बोल्ट-ऑन टेलिकास्टर आणि गिब्सनची सेट नेक लेस पॉल शेजारी ठेवून लोक म्हणतात, हा जोडाचा फरक. फेंडरची स्केल लांबी, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच, गिब्सनची साधारण पावणेपंचवीस. पिकअप वेगळे, ब्रिज वेगळा, लाकूड वेगळं. फेंडरचा तो टणकारा आणि गिब्सनचा भरलेला आवाज यांत या सगळ्यांचा वाटा आहे. बाकी सगळं सारखं ठेवलं, तर नीट बसलेल्या स्क्रूच्या जोडातला आणि नीट चिकटवलेल्या जोडातला फरक कानाने ओळखणं फार अवघड आहे. ऐकू येतो तो नीट न बसलेला जोड.

तार जितकी ऊर्जा टोकांना देऊन टाकते, तितका सूर लवकर मरतो. नेक बॉडीला घट्ट टेकलेली नसेल तर ती जास्त हलते आणि तारेची ऊर्जा त्यात जाते. या गिटारीत तेच होतं. नेक बसते त्या बॉडीतल्या खाचेला पॉकेट म्हणतात. नेक आणि पॉकेटच्या फटीत कागदाची पट्टी सरकवली, तर ती बरीच आत गेली. तारा पूर्ण सैल करून चारही स्क्रू काढले आणि मग दोष दिसला. बॉडीतली भोकं इतकी अरुंद होती, की स्क्रू त्यांत आटे पाडत पुढे जात होता. त्याने बॉडी आणि नेक ही दोन्ही लाकडं धरली, की त्यांच्यातलं अंतर तिथेच अडकतं. मग कितीही पिळा, नेक खाली ओढली जात नाही. स्क्रूने बॉडीतून मोकळं जायला हवं, पकड फक्त नेकमध्ये हवी. घरी तपासायचं तर स्क्रू बॉडीच्या भोकात बोटाने ढकलून पाहा. पेचकस लागला, तर भोक अरुंद आहे.

आटे भोकात अडकणार नाहीत इतपत बॉडीची भोकं मोठी केली. नेकच्या भोकांना हात लावला नाही. पॉकेटच्या तळाला साचलेला रंगाचा जाड थेंब खरवडला. आत घडी करून ठेवलेलं व्हिजिटिंग कार्ड काढलं. नेकचा कोन बदलायला कुणीतरी ते एका टोकाला घातलं होतं, त्यामुळे पुढे पोकळी राहिली होती. कोन बदलायचाच असेल, तर पूर्ण पॉकेटभर बसणारी निमुळती लाकडी पट्टी, म्हणजे शिम वापरा.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. हलकंसं टक्कन बसल्याचं जाणवलं, की मग सुलटा पिळा, म्हणजे जुन्याच आट्यांत जातो. जोर लावून पिळणं ही मोठी चूक. आटे झिजले तर भोकात लाकडी डॉवेल चिकटवून नव्याने पाडावं लागतं. शेवटी तारा सुरात आणून चारही स्क्रू पाव फेरा सैल केले. करकर असा बारीक आवाज येऊन नेक पॉकेटात मागे सरकून बसली. मग परत घट्ट केले. तोच फ्रेट आता दहा-अकरा सेकंद टिकला.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. जी स्ट्रिंगचा सातवा फ्रेट इतरांपेक्षा लवकर विझत होता. याला डेड स्पॉट म्हणतात. त्या सुराची फ्रिक्वेन्सी नेकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळते आणि नेक तारेची ऊर्जा शोषून घेते. हेडस्टॉकला क्लॅम्प लावून पाहिला, तर मेलेली जागा एक फ्रेट सरकली. एकाच ठिकाणी सूर मरत असेल आणि वजन लावल्यावर जागा बदलत असेल, तर जोडाला दोष देऊ नका. सेट नेक गिटारीतही असे स्पॉट असतात.

हाताला मात्र फरक खरा जाणवतो. बोल्ट-ऑनची चौकोनी हील, म्हणजे नेक बॉडीला मिळते तो भाग, वरच्या फ्रेटला तळहाताला अडते. सेट नेकची हील बरेचदा गुळगुळीत घोटलेली असते. लेस पॉलची नेक चार-पाच अंश मागे कललेली असते, म्हणून तारा बॉडीपासून उंच राहतात आणि उजवा हात वेगळा बसतो. सेट नेक घ्यायची ती यासाठी घ्या.

फक्त सेकंडहँड घेताना नेकचा वाक सांभाळणारा ट्रस रॉड नीट आहे ना ते पाहून ब्रिज पूर्ण खाली करून पाहा. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, तरीही जास्त असेल तर कोन बिघडलेला आहे, आणि इथे शिम चालत नाही. नेक उचलून परत चिकटवावी लागते, ते महागात पडतं. हीलपाशी रंगात बारीक भेग दिसली, तर हेडस्टॉक हलकेच मागे दाबा. भेग उघडत-मिटत असेल तर सरस सुटलाय. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गिटारीचा जोड असा सुटू शकतो. भेगेत सुपरग्लू ओतू नका, पुढच्या दुरुस्तीत जोड उघडणं कठीण होतं.