लिमोनचेल्लोची तयारी: बरणी भरण्याआधी काय काय हाताशी हवं

इटलीतल्या सोरेंटो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर लिमोनचेल्लो हा गोड लिकर करतात तो लिंबाच्या सालीचा. साल तीव्र स्पिरिटमध्ये, म्हणजे खाद्य अल्कोहोलमध्ये, भिजवायची, ते गाळायचं आणि मग साखरेच्या पाकाने पातळ करायचं. रसाचा एक थेंबही त्यात जात नाही. सगळा सुगंध सालीच्या पिवळ्या थरातल्या तेलात असतो. म्हणून तयारीची सुरुवात लिंबापासून करा. तिकडची लिंबं मोठी आणि तेलकट सालीची असतात. आपल्याला साधी पिवळी, जाड सालीची, न सुकलेली लिंबं चालतील, पण साल नखाने दाबली की वास लगेच नाकात भरला पाहिजे. दुकानातल्या चकचकीत लिंबांवर बहुतेकदा मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात ब्रशने घासून तो काढा आणि लिंबं फडक्याने कोरडी करा.

लिंबं किती लागतील हे मोजण्यापेक्षा साल तोला. 500 मिली स्पिरिटला 70 ग्रॅम साल पुरते. मध्यम आकाराच्या सात-आठ लिंबांतून ती निघते. त्यासाठी धारदार पीलर हवा. बोथट पीलर खोल जातो आणि सालीला पांढरा भाग चिकटून येतो. तो भाग कडू असतो आणि हा कडूपणा साखर वाढवूनही जात नाही. सालीची पट्टी उलटी करून पाहा: पिवळे ठिपके आरपार दिसत असतील तर ठीक, पांढरी गादी दिसली तर सुरीने खरवडून टाका. सोललेली लिंबं दोन दिवसांत सुकतात, म्हणून त्यांचा रस त्याच दिवशी काढून सरबताला ठेवा.

स्पिरिटबाबत तडजोड नको. इटलीत घरगुती लिकरसाठी 95-96 टक्क्यांचं खाद्य अल्कोहोल किराणा दुकानात मिळतं. परदेशात राहणाऱ्यांना ते किंवा तसंच काही मिळालं तर उत्तम. भारतात साधा वोडका घ्या, त्याचा हिशेब पुढे आहे. सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर, रंगकामाचं स्पिरिट यांतलं काहीही वापरू नका. त्यांत मिथेनॉल किंवा दुसरं विषारी द्रव्य असू शकतं, ते गाळून निघत नाही आणि माणूस आंधळा होऊ शकतो, दगावूही शकतो.

बरणी काचेचीच घ्या, एक लिटरची, घट्ट झाकणाची. लिंबाचं तेल काही प्लास्टिकना विरघळवतं, तेव्हा प्लास्टिकचा डबा नको. साल घालून स्पिरिट ओता, बरणीवर तारीख लिहा आणि ती अंधाऱ्या कपाटात ठेवा. उजेडाने आणि हवेने तेलाला टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो. 95 टक्क्यांचं स्पिरिट साध्या घरच्या तापमानालाही पेट घेऊ शकतं. ओतताना आणि गाळताना गॅस, निरांजन, उदबत्ती सगळं बंद हवं.

किती दिवस ठेवायचं ते सालच सांगते. एवढ्या तीव्र स्पिरिटमध्ये पहिल्या काही दिवसांतच रंग उतरतो. साल फिकट पडते आणि वाकवली की वळण्याऐवजी कट्‌कन तुटते. असं झालं की काम संपलं. साधारण आठवड्याभरात ती अवस्था येते. आणखी महिनाभर ठेवून सुगंध फारसा वाढत नाही, कडूपणा मात्र वाढू शकतो.

गाळण्यासाठी आधी बारीक गाळणी आणि मग कॉफीचा कागदी फिल्टर तयार ठेवा. गाळणं पाक घालण्याआधीच उरका, कारण नुसतं स्पिरिट फिल्टरमधून भराभर उतरतं, गोड झाल्यावर रखडतं. साल पिळू नका, आपोआप निथळू द्या.

आता पातळ करण्याचा हिशेब. बहुतेक गडबड इथेच होते. 500 मिलीत 95 टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल 475 मिली, एवढंच धरून पाक ओतला तर लिकर अपेक्षेपेक्षा सौम्य होतो. ताज्या सालीत बरंच पाणी असतं. 70 ग्रॅम सालीतलं सुमारे 50 मिली पाणी स्पिरिटमध्ये येतं आणि तितकंच स्पिरिट सालीत अडकून राहतं. त्यामुळे गाळून हाती येतं ते सुमारे 480 मिली, आणि त्याची तीव्रता 86 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शुद्ध अल्कोहोल 413 मिली. आपल्याला 30 टक्के हवं तर 413 ला 0.30 ने भागा: एकूण सुमारे 1375 मिली लिकर होईल. त्यातून 480 वजा केले की पाक उरतो साधारण 895 मिली. विरघळलेली 100 ग्रॅम साखर सुमारे 62 मिली जागा घेते. तेव्हा 300 ग्रॅम साखर आणि 700 मिली पाणी घेतलं की पाक 885 मिली होतो आणि गोडीही बेताची राहते. अल्कोहोलमापक असेल तर गाळल्यावर, पाक घालण्याआधी वापरा. साखर मिसळल्यावर त्याचा आकडा चुकीचा येतो.

हा पाक एकतारी वगैरे अजिबात नाही. पाणी गरम करा, साखर विरघळली की लगेच उतरवा. उकळत ठेवला तर पाणी उडतं आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो. मळी आली तर गाळून घ्या. पाणी फिल्टरचं हवं, क्लोरीनचा वास लिंबापुढेही लपत नाही. पाक पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर झाकून ठेवला तर बरं. गरम पाकाने अल्कोहोल वाफ होऊन जातं आणि ती वाफ पेटण्याचा धोकाही असतो.

थंड पाक स्पिरिटमध्ये ओतताना सतत ढवळा. पारदर्शक पिवळं द्रव क्षणात दुधाळ होतं. तसंच व्हायला हवं: 86 टक्क्यांत विरघळलेलं तेल 30 टक्क्यांत विरघळू शकत नाही, म्हणून त्याचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत राहतात. काही दिवसांनी बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं दिसलं, तर लिकर फार पातळ झालाय किंवा साल जास्त पडलीय. हलवून प्यायला हरकत नाही. ते कडं नको असेल तर बाटली फ्रीझरमध्ये गार करून वरचा थर कागदी फिल्टरने टिपून घ्या.

वोडक्याचा हिशेब वेगळा. भारतात तो सहसा 42.8 टक्क्यांचा असतो. 750 मिलीची बाटली, तितकीच 70 ग्रॅम साल आणि अंधारात दोन ते तीन आठवडे. गाळल्यावर सुमारे 720 मिली, 40 टक्क्यांचं द्रव मिळतं. त्यात 220 ग्रॅम साखर आणि 170 मिली पाण्याचा थंड पाक घातला की 28 टक्क्यांच्या जवळ पोहोचाल. इथे पाणी वाढवायला वाव नाही. आणि कमी तीव्रतेत तेल कमी उतरतं, म्हणून हा लिकर फारसा दुधाळ न होता थोडा पारदर्शकच राहिला तर बिघडलं असं समजू नका. कागदी लिंबं वापरणार असाल तर साल फार पातळ असल्याने बारीक किसणीने वरवर काढा. वास मात्र इटालियन लिंबासारखा येणार नाही, तो वेगळा आणि जास्त तिखट असेल.

बाटल्या गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. मिसळल्यावर लगेच चाखला तर अल्कोहोल घशाला झोंबतं, म्हणून दोन ते चार आठवडे मुरू द्या. त्यानंतर एक बाटली फ्रीझरमध्ये ठेवा. 28-30 टक्क्यांचा गोड लिकर घरच्या फ्रीझरमध्ये सहसा गोठत नाही, दाटसर होतो. बाटलीत बर्फाचे कण दिसू लागले तर अल्कोहोल 25 टक्क्यांच्या खाली गेलं असण्याची शक्यता मोठी. पुढच्या वेळी पाकातलं पाणी कमी करा. बाकीच्या बाटल्या अंधारात ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा, कारण आधी रंग उडतो आणि मग सुगंध.