वर्गसमीकरणाचं सूत्र अपूर्णांकांशिवाय कसं काढायचं, आणि कुठल्या गणिताला कुठली पद्धत

ax² + bx + c = 0 सोडवताना बहुतेकांची एकच सवय असते, मधलं पद फोडायला बसायचं आणि जमलं नाही की सूत्राकडे वळायचं. यात वेळ जातो. आधी b² − 4ac, म्हणजे विवेचक काढा, मग पद्धत ठरवा. पण हा विवेचक येतो कुठून ते कळलं नसेल तर सूत्र परीक्षेत हमखास विसरतं, म्हणून पहिले ते काढू.

पुस्तकात सूत्र काढताना पहिल्याच पायरीला सगळं a ने भागतात. मी याच ठिकाणी कितीतरी दिवस अडकलो होतो. भागलं की मधला सहगुणक b/a होतो, त्याचा निम्मा b/2a, त्याचा वर्ग b²/4a², मग उजवीकडे छेद सारखे करा आणि शेवटी 4a² चं वर्गमूळ घ्या, आणि a ऋण असेल तर ते 2a की −2a हा गोंधळ वेगळाच (± असल्यामुळे उत्तरात फरक पडत नाही, पण हे कोणी सांगतच नाही). एवढ्या अपूर्णांकांत एक चिन्ह चुकलं की संपलं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की a ने भागू नका, उलट 4a ने गुणा. ही युक्ती श्रीधराचार्यांची, भास्कराचार्यांनी बीजगणितात ती त्यांच्या नावानेच दिली आहे.

```
ax² + bx = −c
4a²x² + 4abx = −4ac
4a²x² + 4abx + b² = b² − 4ac
(2ax + b)² = b² − 4ac
x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a
```

आता 4a च का, इथे थांबून विचार करा. पूर्ण वर्ग करायचा तर पहिलं पद वर्ग हवं, a ने गुणलं की a²x² म्हणजे (ax)² होतं, एवढं पुरतं. पण मग मधलं पद abx राहतं आणि (ax + k)² मधल्या 2akx शी जुळवायला गेलं की k = b/2 येतो, परत अपूर्णांक. तो घालवायला 4 ने गुणायचं, 4 स्वतः वर्ग आहे म्हणून पहिलं पद बिघडत नाही, (2ax)² होतं, आणि k सरळ b निघतो. तिसऱ्या ओळीत b² दोन्ही बाजूंना मिळवायला विसरू नका, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

2x² − 7x + 4 = 0 घ्या. 4a म्हणजे 8 ने गुणलं, 16x² − 56x = −32. दोन्हीकडे 49 मिळवले, (4x − 7)² = 17. म्हणून x = (7 ± √17)/4, साधारण 2.78 आणि 0.72. तपासायचं तर बेरीज करा, ती −b/a म्हणजे 7/2 यायला हवी, आणि येते. सूत्रात किंमती घालताना b = −7 चं −b म्हणजे +7, आणि b² म्हणजे (−7)² = 49. कंस न घालता −7² लिहिलं की −49 होतं आणि मग सगळंच गेलं.

आता निवड. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग आला तर अवयव नक्की पडतात, नाही आला तर पडतच नाहीत, त्यामुळे वरच्या गणितात 17 दिसल्यावर अवयव शोधत बसण्यात अर्थ नाही. x² − 5x + 6 सारखं तोंडी दिसत असेल तर अर्थातच अवयव. पण 12x² + x − 35 = 0 बघा, इथे गुणाकार −420 आणि बेरीज 1 असलेल्या दोन संख्या हव्यात. त्या 21 आणि −20 आहेत, पण विवेचक 1681 म्हणजे 41 चा वर्ग हे एकदा कळलं की x = (−1 ± 41)/24, उत्तर 5/3 आणि −7/4, शोधाशोध नाही. वर्ग विवेचक म्हणजे 'अवयवच पाडा' असा हुकूम नव्हे.

पूर्ण वर्ग पद्धत मी a = 1 आणि b सम असेल तेव्हाच वापरतो. x² + 8x − 5 = 0 ला (x + 4)² = 21, लगेच x = −4 ± √21. सूत्राने (−8 ± √84)/2 येतं आणि ते परत सोपं करत बसावं लागतं.

विवेचक ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत, थांबा.

एक मात्र लक्षात ठेवा, सहगुणकात वर्गमुळं असतील तर पूर्ण वर्गाची ही चाचणी लावू नका. x² − 3√2x + 4 = 0 चा विवेचक 18 − 16 = 2, वर्ग नाही, तरी (x − √2)(x − 2√2) असे अवयव पडतात. अशा वेळी मी सरळ सूत्र लावतो, x = (3√2 ± √2)/2.