आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला म्हण घेऊन बोलताय? या चुका टाळा

लग्नाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या वाढदिवसाला मुलांपैकी कुणीतरी सरबताचा ग्लास हातात घेऊन दोन शब्द बोलतं आणि भाषणाला आधार म्हणून एखादी म्हण घेतं. भाषण फसतं ते बहुतेक वेळा त्या म्हणीपाशीच.

पहिली चूक म्हणजे शब्द गोड वाटले म्हणून म्हण उचलणं. 'विळ्याभोपळ्याचं सख्य' यात सख्य आहे, पण अर्थ हाडवैराचा. 'एकाच माळेचे मणी' आपण लबाडांच्या टोळक्याला म्हणतो. 'एका हातानं टाळी वाजत नाही' म्हटलं की भांडण आठवतं. 'लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात' हे शुभ आहे, पण त्यात पुढच्या चाळीस वर्षांबद्दल काहीच नाही. निवडलेली म्हण घरातल्या एखाद्या आजीला ऐकवा, पण तिला अर्थ विचारू नका. 'तुम्ही हे कुणाला म्हणाल?' असं विचारा. खरी छटा तिथंच कळते.

एकत्र काढलेल्या वर्षांवर नेमकं बोट ठेवणारी म्हण म्हणजे 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. शेजारी बांधलेल्या बैलाचा रंग लागत नाही, सवयी मात्र लागतात. चाळीस वर्षांच्या संसारात हेच होतं. अडचण दोन ठिकाणी आहे. ही म्हण एरवी वाईट संगतीबद्दल वापरतात, आणि आई-बाबांना सगळ्यांसमोर बैल म्हटलेलं काका-मामांना रुचणार नाही. म्हणून पहिला अर्धा भाग उच्चारूच नका. 'वाण नाही पण गुण लागला' एवढं म्हटलं तरी ऐकणारे बाकीचं मनात पुरं करतात. वाईट संगतीची छटा मात्र तुम्हालाच एका वाक्यात उघडपणे पुसावी लागते. ते वाक्य गाळलं तर लोक पुढच्या खोडीची वाट बघत बसतात.

समजा, लग्न 1985चं. बाबा एसटीत कंडक्टर, आई शाळेत शिक्षिका. मसुदा असा होईल:

'वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो ते बहुतेक वाईट सवयींबद्दल. आमच्या घरात चांगले गुण लागले. बाबा रोजच्या फेरीचा हिशोब पैशापैशाला जुळवल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. आज आईच्या डायरीत दुधाच्या पिशवीचाही हिशोब सापडतो. आणि वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचणारे बाबा आता दर शनिवारी वाचनालयात पुस्तक बदलायला जातात. आईनं कधी आग्रह केला नाही, ती नुसती शेजारी बसून वाचत राहिली.'

इथे गुण दोन्ही बाजूंनी गेला आहे, आणि तसा तो गेलाच पाहिजे. सर्वांत जास्त दिसणारी चूक एकतर्फी भाषणाची असते. बाबांनी कमावलं, आईनं सोसलं, एवढंच सांगितलं जातं, आणि मग ती म्हण सोबतीची उरत नाही. लिहून झाल्यावर आईबद्दलच्या आणि बाबांबद्दलच्या वाक्यांखाली वेगवेगळ्या रंगांनी रेघा मारा. एक रंग दुपटीनं दिसला तर दुसऱ्याचा एक प्रसंग वाढवा.

प्रसंग सांगताना 'प्रेम', 'त्याग', 'समजूतदारपणा' हे शब्द आले की तिथं थांबा आणि त्याऐवजी एखादी वस्तू किंवा कृती लिहा. डायरी आणि शनिवारचं वाचनालय लक्षात राहतं. म्हणीचा अर्थही समजावून सांगू नका. परदेशात वाढलेली नातवंडं समोर असतील तर 'शेजारी राहून एकमेकांच्या सवयी लागतात' हे एक वाक्य त्यांच्या भाषेत सांगा आणि पुढे चला.

एकूण तीनशे-साडेतीनशे शब्द पुरेत. थांबत थांबत बोललात तरी तीन-साडेतीन मिनिटांत संपतं. वेळ औक्षणानंतरची आणि पानं वाढण्याआधीची ठेवा. पानं वाढली की लोकांचं लक्ष पानाकडे जातं.

शेवट कच्चा ठेवणं ही आणखी एक चूक. ग्लास कधी उचलायचा हेच लोकांना कळत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत टोस्टची रीत जुनी आहे, तिथं सांगावं लागत नाही. इतरत्र स्पष्ट सांगा: 'सगळ्यांनी ग्लास वर करा. आई-बाबा, हे गुण आम्हालाही लागोत!' त्याआधी प्रत्येकाच्या हातात पन्हं किंवा कोकम सरबत पोचलंय ना, ते भावंडांपैकी एकानं पाहावं. वयस्कर मंडळींना उभं राहायला लावू नका.

गळा दाटून येतो तो बहुधा दुसऱ्या प्रसंगाच्या वेळी. म्हणून शेवटची ओळ वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून धाकट्या भावंडाकडे आधीच देऊन ठेवा. तुम्ही थांबलात तर त्यानं ती म्हणावी आणि ग्लास वर करावा.